नमस्कारानंतरचे चौदा शब्द

"नमस्कार! आमच्या ग्राहकसेवेत आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. गुणवत्ता सुधारण्यासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो. नवीन योजनांच्या माहितीसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या."

थोड्याफार फरकाने हा मजकूर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. यात २७ शब्द आहेत. संथ, रेकॉर्ड केलेल्या आवाजात ते ऐकायला साधारण बारा सेकंद लागतात आणि तोवर कामाची एकही गोष्ट कळलेली नसते. दिसणारा माणूस कंटाळला तर फोन ठेवून ॲप उघडतो, पडद्यावरचा नको तो भाग डोळ्यांनी ओलांडतो आणि हवं ते बटण गाठतो. न दिसणाऱ्याला ही सोय नाही. आवाज ओळीने येतो, तो चाळता येत नाही आणि सरकून गेलेलं वाक्य पुन्हा वर जाऊन पाहता येत नाही. शिवाय जे कान हे ऐकत असतात, तेच दाराची कडी, गॅसवरचं दूध आणि शेजारी कोण येऊन उभं राहिलं यावरही लक्ष ठेवून असतात.

म्हणूनच, फोनवरची सेवा असो की घरातला स्मार्ट स्पीकर, ज्या मदतनिसाकडे फक्त आवाज आहे त्याने तोंड कसं उघडावं याचा विचार वेगळा करावा लागतो. "थोडक्यात बोला" एवढ्या सल्ल्याने भागत नाही. पहिल्या पाच-सहा सेकंदांत ऐकणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: समोर कोण आहे, इथे काय काय होतं आणि आता बोलायची पाळी कोणाची.

वीजपुरवठ्याच्या एका काल्पनिक सेवेसाठी असा आरंभ लिहून पाहू.

"नमस्कार. वीजसेवेचा स्वयंचलित मदतनीस. बिल, तक्रार की दुसरं काही, ते सांगा. मध्येच बोललात तरी चालेल." आणि लगेच एक छोटा 'टिंग'.

नमस्कार सोडला तर हे चौदा शब्द होतात. काटकसर एवढी करायची, तर नमस्कार तरी कशाला ठेवला, असं कोणी विचारेल. तो शिष्टाचारासाठी आहेच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. स्मार्टफोन वापरणाऱ्या बहुतेक अंध व्यक्तींच्या फोनवर स्क्रीन रीडर चालू असतो, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर. कॉल लावताना पडदा बदलतो आणि हा वाचक नव्या पडद्यावरचं काहीतरी मोठ्याने वाचू लागतो. नेमक्या त्याच क्षणी पलीकडून सेवाही बोलायला लागते. दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि पहिला शब्द बहुतेक वेळा वाया जातो. त्या जागी 'वीजसेवा' असेल तर आपण कुठे लागलो हेच कळत नाही. 'नमस्कार' हरवला तर काही बिघडत नाही. म्हणून पहिला शब्द असा निवडायचा, की तो गेला तरी अर्थ जाऊ नये.

पुढचा 'स्वयंचलित' हा शब्द अनेक कंपन्यांना नकोसा वाटतो. हल्लीचे यांत्रिक आवाज इतके माणसासारखे झालेत, की यंत्र आहे हे सांगून त्यांना गोडवा घालवायचा नसतो. पण समोर माणूस आहे की यंत्र, हे ठरवायला न दिसणाऱ्याकडे आवाजाशिवाय दुसरी खूण नसते. माणूस समजून तो सगळी हकीकत सांगायला लागतो: परवा वादळ झालं, मग खांबावर ठिणग्या उडाल्या, मग वायरमन येऊन गेला. यंत्राला त्यातला 'तक्रार' हा एकच शब्द हवा असतो. आधीच कळलं, तर बोलणारा स्वतःच आटोपशीर बोलतो.

तिसरा भाग पर्यायांचा. इथे दोन टोकं दिसतात. एक टोक म्हणजे "मी आपली काय मदत करू?" हे ऐकायला मोकळं वाटतं, पण इथे काय विचारता येतं हे त्यातून कळत नाही. पडद्यावर निदान चार चित्रं दिसतात, इथे समोर नुसती पोकळी. दुसरं टोक म्हणजे नऊ पर्यायांची यादी. माणसाला एका वेळी साधारण चारच सुट्या गोष्टी मनात धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं. पाचवा पर्याय ऐकेपर्यंत पहिला निसटायला लागतो. म्हणून सर्वांत जास्त लागणारे दोन पर्याय आणि 'दुसरं काही' ही मोकळी वाट, असे तीनच ठेवले. त्यांचा क्रमही रोज तोच हवा. नेहमीचे अंध ग्राहक क्रम पाठ करतात आणि ऐकायची वाट न पाहता पुढे जातात. या महिन्यात 'तक्रार' पहिली आणता आली म्हणून आणली, तर त्यांचं पाठांतर मोडतं.

'बटण दाबा' ऐवजी 'सांगा' म्हटलं, त्यालाही कारण आहे. जुन्या बटणांच्या फोनवर पाचच्या कळीवर उंचवटा असायचा, त्यावरून बोट बाकीच्या कळा शोधायचं. सपाट काचेवर तशी खूण नाही. फोन कानावरून काढायचा, विझलेला पडदा जागा होऊ द्यायचा, आकड्यांची पाटी उघडायची, बोट फिरवत हवा तो आकडा शोधायचा आणि दोनदा टिचकी मारायची. या सगळ्यात टॉकबॅक प्रत्येक आकडा उच्चारतो आणि सेवेचा आवाज त्याखाली दबतो. तेवढ्यात "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही" ऐकू येतं. तरीही बटणांचा मार्ग बंद करू नये. बसमध्ये किंवा चारचौघांत बोलायची अडचण होते, तेव्हा तोच उपयोगी पडतो. फक्त थांबण्याची मुदत सढळ हवी आणि आधी काम, मग आकडा असा क्रम हवा: "बिलासाठी एक". इंग्रजीवरून उतरवलेलं "एक दाबा, बिलाच्या माहितीसाठी" कानाला उलटं पडतं, कारण काम कळेपर्यंत आकडा विसरलेला असतो.

"मध्येच बोललात तरी चालेल" हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्क्रीन रीडरला सरावलेले लोक नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट वेगाने किंवा त्याहूनही भरभर ऐकतात. संथ स्वागत त्यांना छळासारखं वाटतं. अमेरिकेत स्टेसी ब्रॅनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ साली मोठ्या कंपन्यांच्या आवाजी मदतनिसांसाठीच्या मार्गदर्शिका तपासल्या. दोन माणसांच्या गप्पा हाच संवादाचा आदर्श, असं या मार्गदर्शिका धरून चालतात आणि अंध वापरकर्त्यांना हवा असलेला वेग आणि ताबा त्यात मागे पडतो, असं त्यांना दिसलं.

मात्र सगळे अंध लोक भरभर ऐकणारे नसतात. मधुमेहाने किंवा काचबिंदूने साठीनंतर नजर गेलेल्या आजींनी स्क्रीन रीडरला कधी हात लावलेला नसतो. त्यांच्यासाठी वेग साधाच ठेवायचा आणि घाई असलेल्याला तोडायची मुभा द्यायची. एकाच आरंभात दोघांची सोय होते ती या मुभेमुळे.

ही मुभा देणं तांत्रिकदृष्ट्या सोपं नाही. घरात टीव्ही चालू असेल, कोणी खोकलं किंवा ऐकणाऱ्याने नुसतं "हं" म्हटलं, तरी यंत्राला वाटतं की हा बोलतोय आणि ते गप्प होतं. फोन स्पीकरवर असेल तर स्वतःचाच आवाज परत ऐकून ते थांबतं. म्हणून कुठल्याही आवाजावर न थांबता ओळखीचा शब्द आला तरच थांबायचं, अशी मांडणी करावी लागते.

शेवटचा 'टिंग' म्हणजे पाळी बदलल्याची खूण. ॲमेझॉनच्या एको स्पीकरवर तो ऐकू लागला की निळं कडं उजळतं. ज्याला ते दिसत नाही त्याच्यासाठी ॲलेक्साच्या सेटिंगमध्ये विनंती सुरू झाल्याचा आणि संपल्याचा असे दोन ध्वनी चालू करता येतात. फोनच्या सेवेत ही खूण नसली, की माणूस एक तर लवकर बोलतो आणि पहिला शब्द कापला जातो, किंवा वाट पाहत राहतो आणि यंत्रही वाट पाहत राहतं.

टिंगनंतर चार-पाच सेकंद शांतता राहिली तर तेच वाक्य पुन्हा ऐकवण्यात अर्थ नाही. तेव्हा दुसरा थर उघडायचा: "उदाहरणार्थ म्हणा, 'बिल किती आलं?' किंवा 'घरात वीज नाही'. पुन्हा ऐकायचं तर म्हणा 'पुन्हा'." नवख्याला हवी ती मदत इथे मिळते आणि जाणत्याला ती ऐकावी लागत नाही. रेकॉर्डिंगची सूचना द्यायचीच असेल तर "हा कॉल रेकॉर्ड होतो" हे चार शब्द पुरतात. एक गोष्ट मात्र आरंभात कधीच येऊ नये, ती म्हणजे ग्राहकाचं नाव आणि थकबाकी. नंबर ओळखून "नमस्कार अमुकजी, आपली बाकी इतकी" म्हणणं आपुलकीचं वाटतं, पण त्या क्षणी खोलीत कोण आहे हे न दिसणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही.

आरंभ लांबवावा अशीही एक जागा आहे. युनियन बँकेने २०१२ साली अहमदाबादेत देशातलं पहिलं बोलणारं एटीएम सुरू केलं. अशा यंत्रापुढे माणूस पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा कार्डाची खाच कुठे, कळा कुठे, नोटा कुठून येणार हे सांगितल्याशिवाय हात पुढे जात नाही. तिथे हे वर्णन आधीच हवं, पण एखादी कळ दाबून ते थांबवता आणि पुन्हा ऐकताही यायला हवं. अमेरिकेच्या २०१०च्या सुगम्यता मानकांत एटीएमच्या आवाजासाठी हीच अट आहे.

आरंभ जमला की नाही, हे डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या डोळस कर्मचाऱ्याकडून कळत नाही. तो फक्त नवखेपणा दाखवतो, वर्षानुवर्षांचा सराव त्याच्याकडे नसतो. खरी माहिती कॉलच्या नोंदींत असते. 'बिल' ऐकताच बरेच जण तोडत असतील तर क्रम बरोबर आहे. 'मदतनीस' या शब्दावरच तोडत असतील, तर नेहमीच्या लोकांना तिथवरच ऐकायचं आहे आणि त्यांना तसं जाऊ द्यावं. टिंगनंतर बऱ्याच जणांची शांतता पडत असेल, तर पर्यायांचे शब्द लोकांच्या तोंडचे नाहीत. तिथे 'तक्रार' काढून 'लाइट गेली' ठेवून पाहावं आणि पुढच्या महिन्याच्या नोंदींत ती शांतता किती कमी झाली ते तपासावं.