मेमरीचे तुकडे आणि तुकडेजोड

सी भाषेतला प्रोग्रॅम `malloc(100)` म्हणतो आणि त्याला शंभर बाइटची जागा मिळते. काम झालं की `free` म्हणून तो ती परत करतो. ही जागा शोधणारा, कापून देणारा आणि परत आल्यावर नोंद ठेवणारा कारभारी म्हणजे अ‍ॅलोकेटर. कर्निगन आणि रिची यांनी 1978 साली आलेल्या सी भाषेवरच्या आपल्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात असा एक कारभारी मोजक्या पानांत लिहून दाखवला आहे. त्याच धर्तीवरचा एक साधा अ‍ॅलोकेटर आपण बघू.

सगळ्यात मोठी अडचण अशी, की एकदा दिलेला तुकडा सरकवता येत नाही. प्रोग्रॅमच्या हातात त्या जागेचा पत्ता असतो. तुकडा हलवला तर तो पत्ता खोटा ठरतो. म्हणून मोकळ्या जागा आहेत तिथेच राहतात आणि आपल्या हाती उरतात दोनच गोष्टी: कापणं आणि जोडणं.

ही नोंदवही वेगळी ठेवायची गरज नाही. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक छोटी पाटी असते, तिला हेडर म्हणतात.

```c
struct block {
    size_t size;
    struct block *next;
};
```

64-बिट यंत्रावर ही पाटी 16 बाइटची होते. `size` म्हणजे पाटीसकट तुकड्याची लांबी. `next` पुढच्या मोकळ्या तुकड्याकडे बोट दाखवतो. मोकळ्या तुकड्यांची ही साखळी म्हणजेच फ्री लिस्ट. ती आपण पत्त्यांच्या चढत्या क्रमाने ठेवू. या क्रमाचा उपयोग पुढे दिसेल.

समजा, आपल्याकडे 1024 बाइट आहेत. सुरुवातीला तो एकच मोकळा तुकडा. कुणी 100 बाइट मागितले. पाटी धरून 116 झाले. पत्ते 16 च्या पटीत राहावेत म्हणून ते 128 केले. पहिले 128 बाइट कापून दिले, तो तुकडा ‘अ’. मग 200 मागितले, 224 चा ‘ब’ दिला. मग 300 मागितले, 320 चा ‘क’ दिला. शेवटी 352 बाइट मोकळे उरले. कापताना एक पथ्य पाळायचं: उरणारा तुकडा 32 बाइटपेक्षा लहान असेल तर कापायचंच नाही, सगळा तुकडा देऊन टाकायचा. नाहीतर पाटीपुरतीच जागा असलेले निरुपयोगी तुकडे साचतात.

आता तिन्ही परत आले आणि आपण ते नुसतेच साखळीत अडकवले. साखळीत 128, 224, 320 आणि 352 असे चार तुकडे झाले. सगळे 1024 बाइट मोकळे आहेत, पण कुणी 400 मागितले तर देता येत नाहीत. एकही तुकडा तेवढा मोठा नाही. जोडण्याची गरज इथे पडते:

```c
if ((char *)b + b->size == (char *)b->next) {
    b->size += b->next->size;
    b->next = b->next->next;
}
```

तुकड्याच्या पत्त्यात त्याची लांबी मिळवली आणि उत्तर साखळीतल्या पुढच्या तुकड्याचा पत्ता आलं, तर दोघे खेटून आहेत. ते एक करायचे. साखळी पत्त्यांच्या क्रमाने असल्यामुळे मागचा शेजारीही हाताशीच असतो, त्याच्याशी हीच तपासणी करायची. ‘अ’ आणि ‘क’ परत आले की ‘क’ पुढच्या 352 ला जोडला जाऊन 672 होतो, पण ‘अ’ एकटाच राहतो, कारण मध्ये ‘ब’ वापरात आहे. अशा वेळी 800 बाइट मोकळे असूनही 700 ची मागणी परत जाते आणि जोडणारा कोडही तिथे काही करू शकत नाही. ‘ब’ परत आला की मागे 128, पुढे 672, आणि पुन्हा सलग 1024.

या क्रमाची किंमत मात्र मोजावी लागते. परत आलेला तुकडा योग्य जागी बसवायला साखळी सुरुवातीपासून चालावी लागते; तुकडे हजारो झाले की `free` रेंगाळतो. डोनाल्ड नूथ यांच्या पद्धतीत लांबी तुकड्याच्या दोन्ही टोकांना लिहितात, त्यामुळे मागचा शेजारी न शोधता सापडतो.

नोंदी मेमरीतच असल्यामुळे त्या पुसल्याही जाऊ शकतात. ‘अ’मध्ये 100 ऐवजी 120 बाइट लिहिले तर पहिले 12 जास्तीचे बाइट त्याच्या शिल्लक जागेत खपतात, पण पुढचे 8 नेमके ‘ब’च्या `size` वर पडतात. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. बिघाड दिसतो तो नंतर, ‘ब’ परत करताना, आणि दोष मात्र ‘अ’ वापरणाऱ्या ओळीचा असतो. म्हणून चाचणी घेताना प्रत्येक `malloc` आणि `free` नंतर पहिल्या पाटीपासून निघावं आणि लांबी मिळवत पुढच्या पाटीवर जावं. बेरीज बरोबर 1024 वर थांबायला हवी. ती चुकली, तर पाटी या आणि आधीच्या तपासणीच्या मधल्या काही ओळींतच पुसली गेली आहे.