आकडे आणि अहवाल (भाग ८) : मक्याच्या बियाण्याचा निकाल कसा लिहावा

गेल्या आठवड्यात आपण कोष्टक भरलं. जालना जिल्ह्याचे आठ तालुके आणि २०२० ते २०२४ हे पाच खरीप हंगाम, म्हणजे चाळीस ओळी. प्रत्येक ओळीत संकरित मक्याच्या विकलेल्या पिशव्या, जाहिरातीचा खर्च आणि पिशवीची किंमत. कंपनी आणि तिचे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, पण शहर त्याच धंद्याचं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची सुरुवात जालन्यातच केली.

कापूस सोडून मका का घेतला, ते आधी सांगायला हवं. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवतं. बीजी-२ चं पाकीट २०१६ मध्ये ८०० रुपयांना होतं, २०१८ मध्ये ७४० आणि २०२४ मध्ये ८६४ रुपयांना. एका हंगामात भोकरदन असो की मंठा, छापील दर एकच. जो आकडा तालुक्यागणिक हलतच नाही, त्याचा विक्रीवर काय परिणाम होतो हे रिग्रेशन कुठून सांगणार? मक्याचा दर कंपनी ठरवते आणि सवलतही तालुक्याप्रमाणे बदलते, म्हणून तिथे हा प्रश्न विचारता येतो.

विक्री कोणती मोजली, हेही अहवालात लिहा. मे महिन्यात कृषी सेवा केंद्रांना पाठवलेला माल म्हणजे विक्री नव्हे. पेरण्या आटोपल्या की न खपलेल्या पिशव्या परत येतात. तो परतावा वजा केला नाही, तर शेतकऱ्याची खरेदी न मोजता दुकानदाराचा अंदाजच मोजला जातो.

आता निकालाचा परिच्छेद. मी तो असा लिहीन :

“परतावा वजा जाता उरलेल्या विक्रीतला ४६ टक्के फरक जाहिरात आणि किंमत मिळून समजावून देतात. किंमत तेवढीच असताना, ज्या ठिकाणी जाहिरातीवर हजार रुपये जास्त खर्च झाले तिथे सरासरी १४ पिशव्या जास्त खपल्या (९५ टक्के विश्वास अंतराल ५ ते २३). जाहिरात तेवढीच असताना, किंमत दहा रुपयांनी जास्त असली की सरासरी २२ पिशव्या कमी खपल्या, पण हा अंदाज सैल आहे (अंतराल ४६ कमी ते २ जास्त, पी-मूल्य ०.०७). जाहिरात वाढवली त्याच ठिकाणी बहुधा सवलतही दिली होती (सहसंबंध उणे ०.६), त्यामुळे दोन्हींचे परिणाम पूर्ण वेगळे करता आलेले नाहीत. पाऊस यात मोजलेला नाही.”

घाईत लिहिलेल्या अहवालात किमतीचं वाक्य हमखास बिघडतं. पी-मूल्य ०.०५ च्या वर दिसलं की लिहिणारा ‘किमतीचा विक्रीवर परिणाम होत नाही’ असं ठोकून देतो आणि वरिष्ठ त्यावर दरवाढ मंजूर करतात. अंतराल पाहा. दहा रुपयांमागे ४६ पिशव्यांची घट या आकड्यांशी जितकी जुळते, तितकीच २ पिशव्यांची वाढही. परिणाम नाही असं यातून सिद्ध होत नाही; तो किती आहे हे चाळीस ओळींतून नेमकं सांगता येत नाही, एवढंच. म्हणून अंतराल छापायचंच, नुसतं पी-मूल्य पुरत नाही.

जाहिरातीच्या वाक्यात ‘खर्चामुळे खपल्या’ असं मी लिहिलं नाही, कारण कंपनीचे लोक प्रचाराची जीप कुठे पाठवतात ते माहीत आहे. जिथे मका आधीच जास्त पेरला जातो, तिथे. मग विक्री जाहिरातीमुळे वाढली, की विक्री होणार म्हणून जाहिरात तिथे गेली, हे या कोष्टकातून कळत नाही. प्रत्येक तालुक्याची स्वतःशीच वर्षागणिक तुलना केली, तर हा घोटाळा बराच कमी होतो. शिवाय एकच तालुका पाच वेळा आल्यामुळे चाळीस ओळी म्हणजे चाळीस स्वतंत्र साक्षी नव्हेत. तालुक्यानुसार गट पाडून हिशेब केला की अंतरालं बहुधा रुंदावतात, आणि आठच गट असल्यामुळे तो हिशेबही जपूनच घ्यावा लागतो.

राहिला पाऊस. २०२३ मध्ये राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा होते. जूनचा पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि पिशव्या दुकानात पडून राहतात. अशा वर्षी कंपनीने जाहिरातही आखडती घेतली असेल, तर पावसाने केलेली घट जाहिरातीच्या खात्यावर चढते आणि १४ चा आकडा फुगतो. तालुक्याच्या पर्जन्यमापकावरचा जूनचा पाऊस हा आणखी एक रकाना घालून रिग्रेशन पुन्हा चालवा, आणि १४ चे किती उरतात ते त्याच परिच्छेदात लिहा.