बांगडा सोडला, सुरमई धरली

गेल्या वर्षी भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला, तेव्हा तिला चौथा महिना लागला होता. दवाखान्यातून तिला एक कागद मिळाला होता. गरोदरपणी कोणते मासे खाऊ नयेत, त्यात पारा जास्त असतो, अशी ती यादी. यादीत 'किंग मॅकरेल' होता. "मावशी, मॅकरेल म्हणजे बांगडाच ना? मी महिनाभर बांगड्याला हात लावलेला नाही." मी विचारलं, मग खातेस काय? तर म्हणाली, "दर रविवारी सुरमई. इथल्या देशी दुकानात फ्रोझन मिळते, पाकिटावर किंगफिश लिहिलेलं असतं. यादीत किंगफिश नाहीये, मी दोनदा बघितलं."

मत्स्यशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली, पण घरातल्याच लेकीला नावांच्या या घोळाने असं उलटं नेलेलं पाहून पोटात धस्स झालं. तिने सोडला होता तो मासा बिनधास्त खाण्यातला. धरला होता तो मोजून खावा असा.

यादीतला किंग मॅकरेल हा अटलांटिकमधला मासा. तो आपल्याकडे मिळत नाही, पण आपली सुरमई, गोव्यातली इसवण, त्याच्याच कुळातली. दोघांची अंगकाठी सारखी, खाणं सारखं, शिकारीची रीत सारखी. बांगड्याला इंग्रजीत इंडियन मॅकरेल म्हणतात खरं, पण हे नातं लांबच्या चुलत्याचं. खाण्यापिण्यात तर दोघांचा काडीचाही संबंध नाही. आणि पारा माशाच्या अंगात येतो तो खाण्यातूनच.

दगडी कोळसा जाळताना, सोन्याच्या छोट्या खाणींतून, ज्वालामुखींतून पारा हवेत जातो आणि शेवटी पाण्यात उतरतो. तळाच्या चिखलात, जिथे प्राणवायू कमी, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप मोठं चिकट. ते प्रथिनाला धरून बसतं, म्हणजे माशाच्या मांसात मुरतं आणि फार सावकाश बाहेर पडतं. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींत ते कणभर असतं. त्या खाणाऱ्या जवळ्यात त्याहून जास्त, जवळा खाणाऱ्या छोट्या माशात आणखी जास्त, आणि त्या माशांवर आठ-दहा वर्षं पोसलेल्या मोठ्या शिकाऱ्यात सगळ्या पायऱ्यांची बेरीज साठलेली. म्हणून माशाने काय खाल्लं आणि तो किती वर्षं जगला, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे.

आणि या दोन्हींचं उत्तर कोळणीच्या पाटीवरच मिळतं. पुढच्या वेळी बांगडा घेताना त्याचा कल्ला उचलून आत बघा. लाल कल्ल्याच्या आतल्या अंगाला पिसासारखी दाट झालर दिसेल. तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि या झालरीत पाण्यातले बारीक जीव गाळून घ्यायचे, ही बांगड्याची रीत. तारल्याचंही तसंच. आता शेजारच्या सुरमईचा जबडा उघडा, पण बोट सांभाळून. चपटे, त्रिकोणी, सुरीच्या पात्यासारखे दात एका ओळीत लागलेले असतात. ती तारली, मांदेली, माकूल यांच्या थव्यात घुसते आणि कापून खाते. बांगडा दोन-तीन वर्षांत संपतो. सुरमई पुष्कळ जास्त जगते आणि दोन मीटरच्या पुढेही वाढू शकते.

दातांच्या या खुणेला बोंबील मात्र अपवाद. त्याचं तोंड सुयांसारख्या दातांनी भरलेलं असतं, पण तो मुख्यतः जवळ्यावर आणि लहानसहान माशांवर जगतो आणि त्याचं आयुष्यच तोकडं, त्यामुळे पारा साठायला वेळच मिळत नाही. म्हणून दात आणि आकार दोन्ही मिळून बघायचे.

भाचीला मी म्हटलं, पाकिटातली तुकडी ताटलीत ठेव, बाजूला तुझा हात ठेव आणि फोटो पाठव. तुकडी तिच्या तळहाताच्या बाहेर जात होती आणि मधला काटा, म्हणजे मणक्याचा गोल, रुपयाच्या नाण्याएवढा होता. एवढा मणका किलो-दीड किलोच्या सुरमईला नसतो. ती कितीतरी वर्षं समुद्रात फिरलेली मोठी मादी किंवा नर असणार. तुकडी कापल्यावर मासा केवढा होता हे सांगणारी ही एकच साक्ष उरते, आणि फ्रोझन पाकिटात तीसुद्धा नीट बघितली तरच दिसते.

मग आम्ही फोनवरच हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने गर्भाला जपणारी मर्यादा ठरवली आहे: आठवड्याला, शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. भाचीचं वजन ५५ किलो, म्हणजे आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं माप याच्या निम्म्याहूनही कडक आहे. त्याने हाच आकडा सुमारे ३९ येतो. माशातला पारा पीपीएममध्ये मोजतात आणि एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे गुणाकार सरळ आहे.

अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत किंग मॅकरेलमध्ये सरासरी ०.७३ पीपीएम पारा आढळला आहे. मोठ्या सुरमईला हिशेबापुरता ०.७ धरला, तर दीडशे ग्रॅमच्या जेवणातून १०५ मायक्रोग्रॅम पोटात जातात. एका रविवारीच आठवड्याची मर्यादा ओलांडली. किलोभराच्या लहान सुरमईला ०.२ धरला, तर तेवढ्याच तुकड्यांतून ३० येतात, आणि आठवड्यातून एकदा ती दोन्ही मापांत बसते. बांगडा? त्याच प्रशासनाच्या यादीत गाळून खाणाऱ्या लहान मॅकरेलांचे आकडे ०.०५ ते ०.०९ आहेत. वरचा आकडा घेऊन दोनशे ग्रॅम बांगडे खाल्ले तरी १८. तारल्याच्या जातभाईंचा, सार्डिनचा, आकडा ०.०१३ आहे. दोनशे ग्रॅम तारल्यातून तीन मायक्रोग्रॅमसुद्धा येत नाहीत.

भाचीने विचारलं, तुकड्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या, चामडी काढली, चिंच-कोकम लावलं तर? नाही उतरत. कीटकनाशकासारखी काही द्रव्यं चरबीत बसतात, ती चरबी काढली की कमी होतात. मिथाइल पारा मांसातच असतो. तळल्यावर तर पाणी उडून जातं आणि उरलेल्या मांसात त्याचं प्रमाण किंचित वाढतं. स्वयंपाकघरात यावर काहीच करता येत नाही. जे करायचं ते बाजारात.

गरोदर बाईला वेगळा नियम का, हे जपानच्या मिनामाता गावाने फार महाग किंमत देऊन शिकवलं. तिथल्या रसायन कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली, आणि १९५६ साली माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली: हातापायांना मुंग्या, तोल जाणं, नजरेचा घेर आक्रसणं. पण डॉक्टरांना हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आई जवळजवळ धडधाकट आणि तिच्या पोटी आलेलं मूल मेंदूने पूर्ण अधू. तोवर समज अशी होती की वार विष अडवते. मिथाइल पाऱ्याला ती अडवत नाही, उलट नाळेतल्या रक्तात तो आईच्या रक्ताहून जास्त भरतो. आपल्या ताटातली मात्रा मिनामातासारखी मुळीच नाही, पण घडत असलेला मेंदू मोठ्यांना न जाणवणाऱ्या मात्रेलाही हळवा असतो.

म्हणून जपायचं ते पोटुशी बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलांनी. मुलांचं वजन कमी, त्यामुळे त्याच तुकडीचा भार त्यांच्यावर कितीतरी जास्त. तीन वर्षांच्या आतल्या पोराला एका वेळी तीस ग्रॅम मासा पुष्कळ झाला, तोही बांगडा, मांदेली, पापलेट, बोंबील, कोळंबी असा. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालले असतील तर आधीपासूनच सांभाळावं, कारण अंगातला पारा निम्मा व्हायला सुमारे पन्नास दिवस लागतात. दिवस गेल्याचं कळल्यावर मोठी सुरमई सोडली तरी पहिल्या तिमाहीत बाळाला मिळतो तो आधीचा साठा. साठीतल्या आजोबांनी रविवारी सुरमई खावी, त्यांना कोणी अडवू नये. रोज व्यायामशाळेतून येऊन डबाबंद ट्यूना खाणाऱ्या तरुणाला मात्र मी आवर्जून टोकेन, कारण कुपा आणि त्याचे भाऊबंद पट्टीचे शिकारी आहेत. पांढऱ्या ट्यूनाच्या डब्यात साध्या डब्यापेक्षा जवळजवळ तिप्पट पारा आढळतो.

आणि मासेच नकोत, हा मार्ग मला अजिबात मान्य नाही. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ मेदाम्लं बांगड्या-तारल्याच्या तेलात भरपूर आहेत, आणि तेलात पारा नसतो. गरोदरपणी आठवड्यात सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खावेत, असं ते अमेरिकी अन्न व औषध प्रशासनच सांगतं.

भाचीच्या डॉक्टरने रक्त तपासलं. आकडा थोडा वर होता, घाबरण्यासारखा नव्हता. तिने सुरमई बंद केली, आठवड्यातून दोनदा बांगडा आणि एकदा कोळंबी सुरू केली. दोन महिन्यांनी तपासलं तर आकडा निम्म्याच्या खाली आला होता. औषध नाही, काढा नाही, अंग शुद्ध करणारी पावडर नाही. जहाल औषधं देऊन पारा बाहेर काढायचा प्रकार विषबाधेसाठी असतो, तो कोणी हौसेने करू नये.

माझी बहीण लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाली, तेव्हा तिची बॅग भरायला मी गेले होते. सगळ्यात तळाशी, तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुकी मोरी. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात, आईने आम्हा दोघींना दिलं होतं. मोरी म्हणजे शार्क. आपल्या किनाऱ्यावरची मुशी पुष्कळदा हातभर लांबीच्या लहान जातीची असते आणि ती बरीचशी कोळंबी-जवळ्यावरच जगते, त्यामुळे अख्खी लहान मुशी दिसली तर मी फारशी हरकत घेत नाही. पण या पिशवीतल्या पट्ट्या दोन बोटं जाड होत्या. मोठ्या शार्कमध्ये सरासरी एक पीपीएमच्या आसपास पारा असतो, आणि सुकवल्यावर पाणी जाऊन तो आणखी दाट होतो. शंभर ग्रॅम सुकी मोरी म्हणजे ओल्या मोरीचे तीनशे ग्रॅम तरी. दुधातून पारा नाळेइतका उतरत नाही, हे मी तिला सांगितलं, पण मुद्दाम कशाला द्यायचा?

"अगं, पण दूध?" बहीण म्हणाली.

मोरीत दूध आणणारं असं वेगळं काही नाही. कामाला येतं ते पोटभर प्रथिन आणि गरम रस्सा. आम्ही मोरी बाहेर काढली. त्या जागी सुके बोंबील आणि जवळ्याची सुकट भरली, वर आगळाची बाटली ठेवली, आणि वजनाच्या काट्यावर बॅग चढवली. दोनशे ग्रॅम जास्त भरली, तेव्हा बहिणीने आपली एक साडी काढून ठेवली.