महिनाअखेरचा ताळा : नवउद्योजकास हिशेबनीसाचे पत्र



दर महिन्यास हिशेब बंद करण्याचा आग्रह कशासाठी, वर्षअखेरीस लेखापरीक्षक सर्व पाहतीलच, असे आपण विचारले होते. आपल्याच गेल्या एप्रिल महिन्याच्या आकड्यांवरून उत्तर देतो.

महिन्याच्या आरंभी बँकेत ७ लाख रुपये होते. दूध संकलन केंद्रांनी आपल्या संगणकप्रणालीचे वर्षाचे शुल्क आगाऊ भरले. ते १२ लाख आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २ लाख १६ हजार. पगार व भाडे मिळून ५ लाख खर्च झाले. अखेरची शिल्लक १६ लाख १६ हजार. दरमहा खर्च ५ लाख, म्हणजे तीन महिन्यांची बेगमी झाली, असे धरून आपण दोन नवे कर्मचारी नेमण्याचे योजिले.

महिना बंद करताना मी प्रथम बँकेच्या उताऱ्याशी रोजकीर्द जुळवली. नंतर पैसे न दिलेला खर्च शोधला. सर्व्हर भाड्याचे १ लाख ४० हजारांचे देयक यावयाचे होते. ते अंदाजाने नोंदवले. प्रत्यक्ष आकडा आल्यावर फरक पुढील महिन्यात दुरुस्त होतो. पगारातून कापलेला ६० हजारांचा आयकर ७ मेपर्यंत भरावयाचा होता, तर ग्राहकांकडून घेतलेला कर २० मेपर्यंत. (खरेदीवरील कराची वजावट येथे सोयीसाठी सोडली आहे.) हे सर्व वगळता हाती १२ लाखच उरले आणि महिन्याचा खरा खर्च ७ लाख ठरला. नवी आवक नसेल, तर बेगमी जेमतेम पावणेदोन महिन्यांची!

शुल्काची गोष्ट याहून महत्त्वाची. बारा महिन्यांच्या सेवेपैकी एप्रिलमध्ये एकाच महिन्याची सेवा आपण दिली. म्हणून उत्पन्न १ लाख. उरलेले ११ लाख हे ग्राहकांचे देणे. बँकेतील रक्कम ९ लाख १६ हजारांनी वाढली, त्याच महिन्यात धंद्याला ६ लाखांचा तोटा झाला होता. मार्चअखेर हे उमगले असते, तर नव्या नेमणुकांचे अकरा पगार तोवर देऊन झाले असते.

दुसरे, पुरवठादाराने आपल्या विवरणात आपले बीजक दाखवले नाही, तर त्यावरील कराची वजावट मिळत नाही. दरमहा १४ तारखेस संकेतस्थळावर येणाऱ्या यादीशी खरेदी ताडली, की हे लगेच कळते, आणि पुढचे पैसे देण्यापूर्वी त्यास सांगता येते. वर्षानंतर तो भेटेलच असे नाही.

हिशेब मागे पडल्याची खूण उचंत खात्यात दिसते. ज्या रकमेचे कारण ठाऊक नाही ती तेथे पडून राहते. पंधरवड्यात विचारले तर आपणास आठवते. सहा महिन्यांनी कोणासच आठवत नाही. मेअखेर तेथे पाच रकमा आहेत, एकूण ३८ हजार. त्यांच्या पावत्या ८ जूनपर्यंत पाठवाव्यात. १० जूनला मे महिना बंद करून त्यातील नोंदींना कुलूप लावतो.

आपला,
हिशेबनीस