खाली उभा आहे, समेवर कधी येतेस?

‘तू माझी कविता’ हा मेसेज कविता नावाच्या मुलीला पहिल्यांदाच येत असेल, असं समजू नये. शाळेपासून ती हे ऐकत आलेली असते. शिवाय नावावर कोटी करताना मराठीत विभक्ती आडवी येते. बोलताना आपण ‘कविताला फोन केला’ म्हणतो, पण ‘कवितेला चाल लावली’ असं म्हणतो. म्हणून ‘कवितेला समजून घ्यायला वेळ लागतो’ असं लिहिलं की मुलगी गायब होते आणि वहीतली कविता तेवढी उरते. प्रत्यय टाळून ‘कविता एका भेटीत कळत नाही, पुन्हा यावं लागतं’ असं लिहिलं तर दोन्ही अर्थ शाबूत राहतात. आरतीच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण माणूस असो की देवापुढची, दोघींचं ‘आरतीला’च होतं. ‘आरतीला उशीर झाला तरी चालेल, प्रसादाचे वडापाव घेऊन थांबलोय’ हे म्हणून सहज जमतं.

तरी मला नावापेक्षा छंदावरची कोटी जास्त आवडते. नाव सगळ्यांनाच ठाऊक असतं. छंदावर कोटी करायची तर समोरच्याचं बोलणं नीट ऐकलेलं असावं लागतं.

समजा, ती तबला शिकते आणि तीनतालाबद्दल भरभरून बोलते. तीनतालात सोळा मात्रा असतात. पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. संध्याकाळी भेटायचं ठरलंय आणि तो तिच्या इमारतीपाशी पोचलाय. तो लिहितो, ‘खाली उभा आहे. समेवर कधी येतेस?’ तो खरोखरच खाली उभा आहे, म्हणून ‘खाली’ ओढूनताणून आणलेली वाटत नाही. तबला न शिकलेल्यालाही हे वाक्य बहुतेक कळेल, पण त्यातली गंमत तिलाच कळेल. फ्लर्टिंगमधला गोडवा या दोघांपुरतेपणात आहे. तिचं उत्तर येतं, ‘अजून आठ मात्रा थांब.’ नवव्या मात्रेपासून सोळावीपर्यंत मोजलं की आठच भरतात. तिने कोटी पुढे नेली, म्हणजे तिलाही हा खेळ हवा आहे. नुसता हसरा चेहरा आला तर तिथेच थांबावं. दुसरी कोटी लगेच पाठवू नये आणि पहिलीचा अर्थ तर मुळीच समजावून सांगू नये.

व्यवसायावरच्या कोट्या सगळ्यात लवकर शिळ्या होतात. डॉक्टरला ‘माझ्या हृदयावर इलाज कर’ आणि सीएला ‘आपलं खातं जुळेल का’ हे पेशंट आणि अशीलही ऐकवतात. नर्सला इंजेक्शनवरून काही लिहिणं तर शरीरावर घसरतं आणि ओंगळ वाटतं. त्यापेक्षा तिच्या कामातली तिनेच सांगितलेली एखादी बारीक गोष्ट धरावी. मार्चअखेरीस रात्री उशिरापर्यंत ऑफिसात अडकलेल्या सीएला ‘एकतीस तारखेनंतरची एक संध्याकाळ माझ्या नावे जमा कर’ असं लिहिलं, तर निदान तिची दमणूक कुणाच्या तरी लक्षात आली आहे, हे तिला दिसतं.