रजेच्या अर्जातलं कारण पुसू नका

समजा, तालुक्याच्या सरकारी कार्यालयातल्या एका लिपिकाची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया ठरली. त्याने रात्री अर्ज लिहिला : ‘साहेब, आई मरणयातना भोगते आहे. तिला पाणी द्यायलाही घरात कोणी नाही. मी रात्र रात्र रडतो. आपणच मायबाप आहात. मागे इतरांना रजा मिळाली, मला नाही. या वेळीही नाकारलीत तर मला ही नोकरीच नको.’

दुःख खरं आहे. पण रजेचा हिशेब ठेवणाऱ्या आस्थापना लिपिकाला यात रजेचा प्रकार सापडत नाही, तारखाही नाहीत. शेवटचं वाक्य तर धमकीसारखं वाचलं जातं, आणि अर्ज फाईलला लागला की तेही तिथेच राहतं.

मग कोणीतरी सल्ला देतं, ‘घरगुती कारणास्तव’ एवढंच लिही. मला हे जास्त घातक वाटतं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 नुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही; कामाची गरज पाहून ती नाकारता येते. अर्जात तुमची निकड दिसली नाही, तर साहेबांपुढे फक्त कार्यालयाची निकड उरते.

म्हणून एकेक वाक्य घेऊन त्यामागे घडलेलं काय आहे ते शोधायचं. ‘मरणयातना’मागे अस्थिभंग आणि शस्त्रक्रियेची तारीख आहे. ‘पाणी द्यायलाही कोणी नाही’ हे तर सगळ्यांत भक्कम कारण. ते ठेवायचंच, फक्त शांत शब्दांत. ‘मायबाप’ आणि राजीनाम्याची भाषा काढायची. इतरांच्या रजेची तक्रार रास्त असली तरी तिच्यासाठी वेगळं पत्र हवं, नाहीतर साहेब आईचं आजारपण सोडून तिचाच खुलासा करत बसतात.

आता अर्ज असा होतो :

‘महोदय, माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले असून दि. 11 नोव्हेंबर रोजी शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर तिला उठण्या-बसण्यास आधार लागेल. घरात माझ्याशिवाय अन्य प्रौढ व्यक्ती नाही. तरी दि. 10 ते 21 नोव्हेंबर अशी 12 दिवसांची अर्जित रजा, दि. 22 व 23 या शनिवार-रविवारच्या सुट्ट्या जोडून घेण्याच्या व मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मंजूर करावी, ही विनंती. माझ्याकडील प्रलंबित प्रकरणांची यादी व डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे.’

रजेच्या मधले शनिवार-रविवारही 12 दिवसांत धरले आहेत, कारण अर्जित रजेत ते मोजले जातात. डॉक्टरांचं पत्र आईचं आहे, म्हणून स्वतःच्या आजारपणाची रजा मागितलेली नाही.

राहिलं ‘रात्र रात्र रडतो’. जागरणामुळे कामात चुका होऊ लागल्या असतील, तर ‘रात्रीच्या देखभालीमुळे कामावर लक्ष देणे कठीण होत आहे’ असं एक वाक्य जरूर घालावं. तसं नसेल, तर ते साहेबांना भेटून तोंडी सांगावं.