पंधरा सेकंदांत आयुर्विमा: भीती न घालता

आज आपण आयुर्विम्याची पंधरा सेकंदांची जाहिरात घेऊ. तिचा नेहमीचा साचा आपल्या ओळखीचा आहे: रिकामी खुर्ची, हार घातलेला फोटो आणि लहान मुलाचा प्रश्न, "बाबा कुठे गेले?"

यात चुकतं काय? ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात भीतीचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं असं, की भीती माणसाला विचार करायला लावते, पण त्यासाठी सुटकेची थोडी तरी आशा उरलेली असावी लागते. बारा सेकंद भीतीला दिले, तर उरलेल्या तीन सेकंदांत येतं कंपनीचं नाव आणि नियमानुसार द्यायचा बारीक मजकूर. आशेला जागाच राहत नाही. मग प्रेक्षक विचार करत नाही, चॅनल बदलतो.

आता तेच दुसऱ्या रीतीने करून पाहू. पहिले चार सेकंद: रात्रीची जेवणं झालीत, नवरा टेबलाशी बसून एका फाईलवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहितोय. पुढचे चार: बायको ती फाईल हातात घेते. त्यावर पॉलिसीचा क्रमांक आहे, आणि नॉमिनी म्हणून तिचं नाव. आणखी चार: ती म्हणते, "अहो, अक्षर काही सुधारलं नाही तुमचं!" दोघं हसतात. शेवटचे तीन सेकंद कंपनीचे.

मृत्यूचा उच्चार नाही, तरी तो दोघांना कळलेला आहे. ते हसू त्याच्यामुळेच तर आपल्याला भिडतं. आणि बायको इथे असहाय नाही. कागद कुठे आहेत हे तिला ठाऊक आहे.

भारतीय आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झालं. त्याच्या बोधवाक्यात गीतेच्या नवव्या अध्यायातला 'योगक्षेम' हा शब्द आहे. नाही ते मिळवणं म्हणजे योग, आहे ते जपणं म्हणजे क्षेम. घाबरवणारी जाहिरात गेलेलं दाखवते; आपली जाहिरात आहे ते दाखवते.

पण एक धोका राहतो. शेवटी "प्रेम असेल, तर विमा काढाल" असं वाक्य टाकलं, की सगळं बिघडलं. ज्याला हप्ता परवडत नाही, त्याच्या प्रेमावरच आपण शंका घेतली. ही अपराधीपणाच्या वेषातली भीतीच झाली. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं सांगणं इथे अगदी लागू पडतं.

मग ओळखायचं कसं? गेल्याच वर्षी ज्या घरात माणूस गेलं, त्या घरासोबत बसून ती जाहिरात पाहता येईल का, असं आपण स्वतःला विचारावं. मान खाली घालावी लागणार असेल, तर ती पुन्हा लिहावी.

अर्थात, पंधरा सेकंदांत पॉलिसीच्या अटी समजावता येत नाहीत, आणि तसा आवही आणू नये. प्रेक्षकाने उठून घरातली फाईल शोधली आणि नॉमिनीचं नाव तपासलं, तरी जाहिरातीने आपलं काम केलं असं आपण म्हणू.